नित्य मिळकत आणि नैमित्तिक मिळकत



अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. तिचा उपदेश कोणी अमान्य करणार नाही. परंतु तिच्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिलेला आहे. अंथरूण म्हणजे नेमके काय? या महिन्याचा पगार, या वर्षाची प्राप्ती, की मनुष्याच्या सबंध आयुष्यात त्याच्या हाती येणारा पैसा? महिन्याची प्राप्ती हेच अंथरूण मानावे, तर ज्वारीचे एकच पीक घेणाऱ्या शेतकऱ्याने सुगीच्या महिन्यात पोटभर जेवावे व उरलेले अकरा महिने उपवास करावा, असा त्या म्हणीचा अर्थ होईल. आणि ज्याचा पगार थांबला त्या वृद्धाने तर पाय पसरूच नयेत! प्रत्यक्षात असे कोणी वागत नाही. मिळकत खालीवर होते, खर्च त्या मानाने एका पातळीवर राहतो. तो तसा का राहतो, कशाच्या आधाराने राहतो, आणि तसा राखण्यासाठी काय किंमत द्यावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कारण प्रथम पाहू. ज्याला दोन वेळा मिळून चार भाकऱ्या पुरतात, त्याच्या पुढे आज आठ भाकऱ्या ठेवल्या आणि उद्या एकही ठेवली नाही, तर दोन दिवसांची सरासरी चारच राहते; पण तो मनुष्य सुखी होत नाही. आजच्या पाचव्या भाकरीपासून मिळणारे समाधान थोडे, आणि उद्याच्या पहिल्या भाकरीवाचून होणारे हाल फार. म्हणून आजच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून उद्यासाठी ठेवणे हा कंजूषपणा नव्हे. तो साधा हिशेब आहे. जे भाकरीचे, तेच वस्त्राचे, औषधाचे आणि मुलांच्या शिक्षणाचे. गरजा संथपणे चालतात आणि पैसा उड्या मारीत येतो. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच संसार करणे.

इतकी उघड गोष्ट अर्थशास्त्राला एका कोड्याच्या रूपाने भेटली. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली असे प्रतिपादन केले होते की, मनुष्याची प्राप्ती वाढली म्हणजे त्याचा खर्चही वाढतो, परंतु प्राप्तीइतका वाढत नाही. यावरून पुष्कळांनी असे अनुमान काढले की, श्रीमंती वाढत जाईल तसतसा प्राप्तीचा अधिकाधिक हिस्सा शिल्लक पडत जाईल. कुटुंबांच्या पाहण्यांनी या अनुमानाला दुजोराच दिला. अमेरिकेत १९३५-३६ साली जी मोठी पाहणी झाली, तीत अधिक प्राप्तीची कुटुंबे मोठा हिस्सा वाचवीत होती, आणि अगदी तळची कुटुंबे मिळवीत होती त्याहून जास्त खर्च करीत होती. पण सायमन कुझ्नेट्स यांनी १८६९ सालापासूनची अमेरिकेची राष्ट्रीय मिळकत मांडून दाखविली, आणि १९४६ साली तिचे आकडे ग्रंथरूपाने पुढे आले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. देशाची प्राप्ती अनेक पटींनी वाढली होती. बचतीचा हिस्सा मात्र दशकामागून दशके जवळजवळ तेवढाच राहिला होता. एका वर्षात घराघरांची तुलना करावी तर श्रीमंत अधिक वाचवतो. आणि सबंध राष्ट्र श्रीमंत होते तेव्हा मात्र तो हिस्सा वाढत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असाव्यात?

या कोड्याची उकल मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात केली. आपल्याकडे कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे दोन भेद करतात. तसाच भेद त्यांनी मिळकतीत केला, असे म्हणता येईल. आपल्या विद्येच्या, जमिनीच्या, धंद्याच्या व साठविलेल्या मालमत्तेच्या बळावर सरासरीने जी प्राप्ती होत राहील असा मनुष्याचा अंदाज असतो, ती नित्य मिळकत. अकल्पित पाऊस, अवचित आलेली तेजी, एखादे आजारपण अथवा बक्षीस, यांमुळे त्या सरासरीच्या वर किंवा खाली जे होते ते नैमित्तिक. फ्रीडमन यांचे म्हणणे असे की, मनुष्य खर्च ठरवितो तो नित्य मिळकतीवरून. नैमित्तिक भर आली तर ती बहुतांशी शिलकेत पडते, आणि नैमित्तिक तूट आली तर ती शिलकेतून अथवा उसनवारीने भरून निघते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. कल्पना करा, एका कोरडवाहू शेतकऱ्याची चार वर्षांची निव्वळ प्राप्ती अनुक्रमे ३,२०,००० रुपये, १,००,००० रुपये, २,६०,००० रुपये आणि १,२०,००० रुपये आहे. बेरीज ८,००,००० होते व सरासरी २,००,००० पडते. हा शेतकरी आपली जमीन आणि आपला पाऊस ओळखून आहे; म्हणून तो दर वर्षी १,९०,००० रुपये खर्च करतो आणि वर्षाकाठी सरासरी १०,००० रुपये मागे टाकतो. आता पाहणी करणारा अधिकारी पहिल्या वर्षी त्याच्या दारी आला, तर तो लिहील की, हे श्रीमंत कुटुंब असून ३,२०,००० पैकी १,३०,००० रुपये वाचविते. तोच अधिकारी दुसऱ्या वर्षी आला, तर लिहील की, हे गरीब कुटुंब असून १,००,००० मिळवते आणि १,९०,००० उडविते. याला काटकसर ठाऊक नाही! मनुष्य एक, घर एक, वागणूक रतिभरही बदललेली नाही. बदलले आहे ते केवळ पाहणीचे वर्ष.

कोडे येथेच सुटते. कोणत्याही एका वर्षाच्या यादीत वरच्या ओळींत जी कुटुंबे सापडतात, त्यांत त्या वर्षी दैवाने हात दिलेली पुष्कळ असतात. आणि खालच्या ओळींत त्या वर्षी दैवाने मारलेली पुष्कळ असतात. म्हणून वरचे बचत करणारे दिसतात आणि खालचे उधळे दिसतात. सबंध राष्ट्राची अनेक वर्षांची सरासरी घेतली की, हे नशिबाचे चढउतार परस्परांत जिरून जातात, नित्य मिळकत तेवढी उरते, आणि बचतीचा हिस्सा स्थिर दिसतो. या उपपत्तीची कसोटीही फ्रीडमन यांनी दाखविली आहे. ज्यांची प्राप्ती अधिक हेलकावे खाते, त्यांच्या पाहणीत प्राप्तीबरोबर खर्च कमी वाढलेला दिसला पाहिजे. शेतकरी कुटुंबे आणि शहरातील पगारदार कुटुंबे यांच्या पाहण्या शेजारी ठेवल्या, तर शेतकऱ्यांच्या बाबतीत नेमके असेच आढळते.

गरीब मनुष्य उधळ्या असतो म्हणून तो कर्जात असतो, हा निवाडा आपल्याकडे किती सहजपणे दिला जातो, हे आठवले म्हणजे या उकलीचे महत्त्व कळून येईल. एका वर्षाच्या आकड्यावरून असा निवाडा देता येत नाही. सलग काही वर्षे तेच घर पाहिल्याशिवाय त्याची काटकसर किंवा उधळेपणा सिद्ध होत नाही.

फ्रीडमन यांनी चांगल्या-वाईट वर्षांचा विचार केला. त्यांच्या थोडे आधी, १९५४ साली, फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रुंबर्ग यांनी सबंध आयुष्याचा विचार मांडला होता. आयुष्यातही सुगी आणि उन्हाळा असतोच. तारुण्यात व प्रौढपणी मनुष्य मिळवितो. वृद्धपणी हात थांबतात, पण पोट थांबत नाही. समजा, एक मनुष्य विसाव्या वर्षी नोकरीस लागला, साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि ऐंशी वर्षे जगला. त्याला निवृत्तिवेतन नाही. व्याज आणि महागाई हिशेब सोपा करण्यासाठी बाजूला ठेवू, आणि पगार सतत महिना ३०,००० रुपये धरू. चाळीस वर्षांच्या मिळकतीवर त्याला साठ वर्षे काढावयाची आहेत. म्हणजे महिना २०,००० रुपयांची पातळी त्याला जन्मभर राखता येईल. तो महिना १०,००० बाजूला टाकील. साठाव्या वर्षी त्याच्यापाशी ४८ लाख रुपये जमतील, आणि पुढील वीस वर्षांत, म्हणजे २४० महिन्यांत, ते बरोबर खर्ची पडतील.

याच मनुष्याला तिसाव्या वर्षी ६०,००० रुपयांचे एकदाच बक्षीस मिळाले, तर त्याचा खर्च किती वाढावा? त्याच्यापुढे पन्नास वर्षे, म्हणजे ६०० महिने आहेत. तेव्हा महिना अवघे १०० रुपये. पण त्याच वेळी बक्षिसाऐवजी कायमची महिना ३,००० रुपयांची पगारवाढ मिळाली, तर तीस वर्षांत तिची बेरीज १०,८०,००० होते. ती ६०० महिन्यांत वाटली म्हणजे खर्च महिना १,८०० रुपयांनी वाढू शकतो. आणि तीच वाढ पन्नासाव्या वर्षी मिळाली, तर हाती येणारे ३,६०,००० रुपये उरलेल्या ३६० महिन्यांत वाटावयाचे. म्हणजे महिना १,०००. हाती पडलेली रक्कम किती मोठी, यापेक्षा ती किती काळ येत राहणार, हा प्रश्न अधिक मोलाचा, हे या तीन आकड्यांचे सार आहे.

येथे एक शंका आपल्या मनात येईल. बोनस मिळाला की लोक तो त्याच महिन्यात संपवून टाकतात, मग हा हिशेब कोण करतो? या शंकेचे अर्धे उत्तर असे की, पैसा देणे वेगळे आणि वस्तूचा उपभोग घेणे वेगळे. बोनसच्या पैशातून शिवणयंत्र घेतले, छपरावर नवे पत्रे घातले किंवा चार ग्रॅम सोने घेतले, तर पैसे एका दिवसात गेले. पण यंत्र दहा वर्षे चालते, पत्रे वीस पावसाळे काढतात, आणि सोने अडचणीत गहाण पडते. ही खरेदी खर्चाच्या वेषातील बचतच होय. राहिलेले अर्धे उत्तर अधिक गंभीर आहे. ते या उपपत्तीच्या मर्यादांत सापडेल, आणि त्यासाठी आपल्याला महाराष्ट्रातल्या दोन खेड्यांत जावे लागेल.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी इक्रिसॅट नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७५ साली काही खेडी निवडून तेथे आपले निरीक्षक कायमचे राहावयास पाठविले. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर, अकोला जिल्ह्यातील कानझरा आणि त्या वेळच्या आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली ही त्यांतील तीन प्रमुख गावे. शिरापूरची जमीन खोल काळी, पाऊस कमी आणि बेभरवशाचा. जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. कानझऱ्यास पाऊस अधिक खात्रीचा आणि पीक मुख्यत्वे कपाशीचे. प्रत्येक गावातील भूमिहीन, लहान, मध्यम व मोठे अशी चाळीस घरे घेऊन त्यांचे पीक, मजुरी, देणे-घेणे आणि खाणेपिणे यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. एका वर्षाच्या पाहणीने जो भ्रम उत्पन्न होतो तो येथे टळला. तीच घरे पुनःपुन्हा पाहिली गेली.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी या नोंदींवरून १९९४ साली जो निबंध लिहिला, त्याचा निष्कर्ष असा: एखाद्या घराची प्राप्ती घसरली, घरात कोणी आजारी पडले, किंवा मजुरी मिळाली नाही, तरी त्या घराचा उपभोग त्या मानाने फारसा खाली येत नाही, तो बव्हंशी सबंध गावाच्या उपभोगाबरोबर वर-खाली होतो. याचा अर्थ, एका घराची तूट नानाविध मार्गांनी इतरत्र मुरविली जाते. धान्याची कणगी असते, शेजाऱ्याची उसनवारी असते, सावकार असतो, भाऊबंद असतात. अर्थात तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हे संरक्षण इतरांपेक्षा कमी मिळत असल्याचेही त्यांना आढळले. पुढे १९९७ साली मार्टिन रॅव्हेलियन आणि शुभम् चौधुरी यांनी हेच आकडे पुन्हा तपासून, उपभोग मोजण्याच्या पद्धतीत दोष असल्याचे आणि खर्च स्वतःच्या प्राप्तीवर टाउनसेंड मानतात त्याहून अधिक अवलंबून असल्याचे दाखविले. दोन्ही बाजू लक्षात घेता असे म्हणणे योग्य होईल की, प्राप्तीचे सगळे हेलकावे खर्चापर्यंत पोहोचत नाहीत. पण काही पोहोचतात, आणि ज्याच्यापाशी जमीन नाही त्याच्यापर्यंत अधिक पोहोचतात.

या समतोलासाठी लोक काय काय करतात, तेही याच नोंदींतून बाहेर आले. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली मुलींच्या विवाहांचा अभ्यास केला. ज्या घरांच्या शेतीचे उत्पन्न अधिक अनिश्चित, त्या घरांच्या सोयरिकी अधिक दूरच्या गावी झालेल्या दिसल्या. आणि अशा दूरच्या सोयरिकी असलेल्या घरांत अन्नाच्या खर्चाचे चढउतार कमी होते. आपल्या शिवारात पाऊस पडला नाही तेव्हा व्याह्यांच्या शिवारात पडला असण्याचा संभव जास्त, हे त्यामागील इंगित. जवळच्या गावच्या सोयऱ्यावर आपल्याबरोबरच संकट येते. दूरच्याचे आभाळ निराळे असते.

दुसरा उपाय बैलांचा. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ साली दाखविले की, या गावांतील शेतकरी चांगल्या वर्षी बैल घेतो आणि वाईट वर्षी विकतो. जमीन सहसा कोणी विकत नाही. कर्ज पाहिजे तेव्हा पाहिजे तितके मिळत नाही. बैल मात्र दूरच्या बाजारापर्यंत चालवीत नेता येतो व रोख पैसे होतात. म्हणून बैल हीच त्याची पतपेढी. परंतु ही पेढी फार महाग पडते. पुढल्या मृगात वाफसा येतो तेव्हा गावातल्या सगळ्यांनाच एकदम औत पाहिजे असते. भाड्याने बैल वेळेवर मिळत नाहीत. पेरणी लांबते आणि पीक उतरते. त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, शेतीला जितके बैल सर्वांत किफायतशीर ठरतील त्यापेक्षा कमीच बैल शेतकऱ्यांपाशी राहतात. म्हणजे यंदाची भाकरी राखण्यासाठी तो पुढच्या वर्षाची भाकरी थोडी लहान करून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्या घरचा खर्च सपाट दिसतो; त्या सपाटीखाली गोठ्यातील रिकामी दावण दिसत नाही.

आणि एक संकट असे आहे की, तेथे गावातले सर्व उपाय एकदम थकतात. ते म्हणजे सर्वव्यापी अवर्षण. सगळ्यांच्याच कणग्या रिकाम्या झाल्या, तर शेजारी कोणाला उसने देणार? टाउनसेंड यांच्या निष्कर्षातच हे अभिप्रेत आहे. घराचा खर्च गावाबरोबर चालतो, म्हणून गाव बुडाले की घरही बुडते. अशा वेळी मदत गावाबाहेरूनच यावी लागते. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर लाखो माणसे राबली, आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कायद्याचा अर्थशास्त्रीय अर्थ असा की, ज्याला कणगी नाही, बैल नाही आणि दूरचा सोयराही नाही, त्याच्या वाईट दिवसांतील मजुरीला राज्याने आधार द्यावा. आणि मदत मिळेल ही खात्री आधीपासून असणे, हे प्रत्यक्ष मदतीइतकेच महत्त्वाचे. कारण ती खात्री असेल तरच शेतकरी बैल विकण्याची घाई करणार नाही.

मघाशी राखून ठेवलेले अर्धे उत्तर आता देता येते. ज्याच्यापाशी शिल्लक नाही आणि ज्याला कोणी वाजवी व्याजाने उसने देत नाही, त्याला आयुष्याचा हिशेब कितीही चांगला येत असला तरी तो अमलात आणता येत नाही. बक्षिसाचे पैसे आले की ते त्याच महिन्यात जातात. कारण औषध, फी किंवा थकलेले भाडे त्या पैशाची वाटच पाहत असते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. अकल्पित तूट आली म्हणून खर्च घटला, तर त्यावरून काही ठरत नाही. ती तूट कदाचित नित्य मिळकतीचीच असेल. पण आधीपासून ठाऊक असलेली तूट, उदाहरणार्थ दर वर्षी ठराविक दोन महिने काम बंद राहणे, आली आणि त्या दोन महिन्यांत घरातले दूध व भाजी बंद झाली, तर तेथे दोनच गोष्टी संभवतात. एक तर त्या घराला पुढचे पाहण्याची सवय नाही, किंवा पुढचे दिसत असूनही हात बांधलेले आहेत. भल्या महिन्यांत त्या घरी चैनीला जागा होती की नव्हती, हे पाहिले म्हणजे यांपैकी कोणती गोष्ट खरी ते समजते. पहिल्या दोषाला शिकवण उपयोगी पडेल. दुसऱ्याला शिकवण देणे ही थट्टा ठरेल, त्याला पत पाहिजे.

तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण ते अंथरूण एका महिन्याचे नसते. ते चांगल्या-वाईट वर्षांच्या सरासरीने विणलेले आणि तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत पसरलेले असते. ज्याच्यापाशी कणगी, पत आणि सोयरे आहेत त्याला ते सबंध उलगडता येते. ज्याच्यापाशी ती नाहीत त्याला त्याची एकच घडी दिसते, आणि तो तेवढ्यातच अंग आखडून निजतो. आपल्या ओळखीचे एखादे घर महिन्याच्या अखेरीस ओढगस्तीत दिसले, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या घड्या कोणी आवळून ठेवल्या आहेत, एवढे आपण पाहावे.